शेवटची ओव्हर कोणत्या टोकाकडून?

आठ ओव्हरच्या सामन्यात पहिली ओव्हर एका टोकाकडून पडली, की आठवी दुसऱ्या टोकाकडूनच पडणार. ओव्हर आलटूनपालटून टाकल्या जातात आणि आठ हा सम आकडा आहे. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी एका बाजूने. दुसरी, चौथी, सहावी, आठवी दुसऱ्या बाजूने. पहिली ओव्हर कुठून टाकायची हे ठरवतो फिल्डिंग करणाऱ्या संघाचा कप्तान. म्हणजे सामन्याचा पहिला चेंडू पडायच्या आत, बहुतेक वेळा नकळत, तो शेवटची ओव्हर कुठून पडणार हेही ठरवून मोकळा झालेला असतो. गावच्या टेनिस बॉल स्पर्धांत या निर्णयाकडे कोणी फारसं बघत नाही. टॉस, बॅटिंगचा क्रम, हुकमी बॉलर कधी आणायचा यावर मांडवात तासभर खल होतो आणि टोक मात्र सवयीने ठरतं.

हा निर्णय एका वहीने कसा बदलला, त्याची गोष्ट सांगतो. गाव, माणसं आणि वहीतले आकडे मी रचलेले आहेत. वारा, चेंडू आणि क्रिकेटचे नियम मात्र जसे आहेत तसेच ठेवलेत, कारण गोष्टीचा सगळा भार त्यांच्यावरच आहे.

कोकण किनाऱ्यावरचं एक गाव. भात कापून झालं की सपाट कुणग्यांचे बांध मोडून मैदान करायचं आणि फेब्रुवारीत स्पर्धा भरवायची. सोळा संघ, बाद पद्धत, चार दिवस. पहिले तीन दिवस रोज चार सामने, दोन सकाळी आणि दोन दुपारी. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही सेमी आणि दुपारी फायनल. पिच उत्तर-दक्षिण, कारण पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळ कोणाच्या तरी डोळ्यांत ऊन जातं. उत्तरेला देऊळ, दक्षिणेला शाळा. पश्चिमेला रस्ता, त्यापलीकडे सुरूचं बन आणि समुद्र. पूर्वेला आंब्याची बाग.

मांडवात टेबलाशी बसणारा स्कोअरर म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. सगळे त्यांना काका म्हणतात. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे स्कोअरर दोन असावे लागतात. दोघांनी मधूनमधून आपापल्या नोंदी ताडून बघायच्या आणि अंपायरने खूण केली की ती समजल्याचं हात दाखवून कळवायचं. इथेही दोन असतात. एक काका, दुसरा ज्या त्या सामन्यातल्या पाहुण्या संघाचा कोणी मुलगा. मुलाकडे बाजारात मिळणारं छापील स्कोअरबुक असतं. काकांकडे तेही असतं आणि शिवाय स्वतः रेघा मारलेली दोनशे पानी वही.

या दोन वह्यांतला फरक समजला तर पुढचं सगळं समजेल. छापील स्कोअरबुकात बॅट्समनच्या नावापुढे त्याच्या धावा ओळीने लिहितात आणि खाली बॉलरच्या नावापुढे प्रत्येक ओव्हरसाठी एक चौकोन असतो, त्यात सहा चेंडूंच्या नोंदी. ताळा जमवायला ही पद्धत उत्तम आहे. सगळ्या बॅट्समनच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण धावा. बॉलरांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेगबाय म्हणजेही तेवढ्याच. वाइड आणि नोबॉल बॉलरच्या खात्यावर पडतात; बाय आणि लेगबाय पडत नाहीत. दोन्हीकडून आकडा जुळला की स्कोअरर सुटला. पण कोणत्या बॉलरला कोणत्या बॅट्समनने केव्हा मारलं, ओव्हर कोणत्या टोकाकडून पडली, किती वाजले होते, हे त्या पानावरून सांगता येत नाही. सामना संपतो तेव्हा हिशेब पूर्ण असतो आणि घडलेलं निम्मं पुसलेलं असतं.

यावर उपाय जुना आहे. बिल फर्ग्युसन नावाचे ऑस्ट्रेलियन स्कोअरर १९०५ मध्ये संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि पुढे कित्येक दशकं दौरे करत राहिले. ओळीने, ओव्हरमागून ओव्हर नोंद करण्याची पद्धत त्यांनी वापरात रुळवली. बॅट्समनने कुठे कुठे फटके मारले ते मैदानाच्या वर्तुळात रेघांनी दाखवायची चित्रंही त्यांचीच. टीव्हीवर आज दिसणारं ‘वॅगन व्हील’ त्या चित्रांतून आलं. पुढे बीबीसीच्या रेडिओ समालोचनासाठी बिल फ्रिंडल यांनी १९६६ पासून ही पद्धत आणखी नेटकी केली. या पद्धतीत एका ओव्हरला एक ओळ असते आणि दोन टोकांच्या बॉलरांसाठी दोन वेगळे रकाने असतात. घड्याळाची वेळही लिहितात. सामना घडला तसा नंतर पुन्हा वाचता येतो.

काकांना फर्ग्युसन माहीत असण्याचं कारण नाही. त्यांना एसटीचं वेबिल माहीत होतं. कोणत्या थांब्यावर किती चढले, तिकिटाचा नंबर कुठपर्यंत आला, गाडी किती वाजता सुटली, हे सगळं त्या त्या वेळी लिहायचं. डेपोत पोचल्यावर आठवून लिहायचं नाही. तीच शिस्त त्यांनी वहीत आणली. पानावरची एक ओळ अशी दिसते:

४.१० – शा – १, ६पू, ०, २, ६पू, २ – १७

म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झालेली ओव्हर, शाळेच्या टोकाकडून, दोन षटकार आणि दोन्ही पूर्वेला, एकूण सतरा. देवळाकडून पडलेल्या ओव्हरपुढे ‘दे’. समोर बॉलरचं नाव आणि स्ट्राइकवर कोण होता ते. बाय गेल्या तर त्या कोपऱ्यात वेगळ्या, बेरजेत नाहीत. एवढंच.

यजमान गावाचा संघ फायनलला पोचला. सेमी सकाळी जिंकली आणि पोरं जेवायला बसली. कप्तान पंचविशीतला, डोक्याने शांत. त्याने सगळं ठरवून टाकलं होतं. पहिली ओव्हर देवळाकडून, नेहमीसारखी. तिथली जमीन घट्ट आहे, रनअपला पाय रुतत नाही. मग आठवी शाळेकडून आणि ती टाकणार त्यांचा यॉर्करवाला. सेमीत त्यानेच शेवटची ओव्हर शाळेकडून टाकून फक्त सहा धावा दिल्या होत्या.

काका पान उलटत त्याच्या शेजारी बसले.

“सेमीची आठवी ओव्हर किती वाजता पडली रे?”

“काय माहीत काका. साडेनऊ?”

“नऊ पन्नास. आणि पहिल्या फेरीत याच पोराने शाळेकडूनच आठवी टाकली, तेव्हा बारा गेल्या. दुपारी तीन पस्तीसला.”

कप्तान म्हणाला, एखाद्या दिवशी जातात. हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. दोन ओव्हरींवरून काही ठरत नाही. काकांनी तोवर सगळ्या सामन्यांतल्या आठव्या ओव्हरी एका पानावर उतरून काढल्या होत्या. फक्त आठव्याच का, हे महत्त्वाचं आहे. शेवटच्या ओव्हरला बॅट्समन विकेटची पर्वा करत नाहीत, त्यामुळे ती नेहमीच महाग पडते. एका टोकाची दुसरी ओव्हर आणि दुसऱ्या टोकाची आठवी शेजारी ठेवली तर टोकाचा फरक कळणार नाही. घाईचाच फरक कळेल. तुलना करायची तर आठवीची आठवीशी.

सकाळच्या सामन्यांत आठवी ओव्हर बारा वेळा पडली होती. सहा वेळा शाळेकडून, एकूण ६६ धावा, म्हणजे सरासरी ११. सहा वेळा देवळाकडून, ६३ धावा, सरासरी साडेदहा. टोकाने काहीच फरक पडला नव्हता. दुपारच्या सामन्यांत ती नऊ वेळा पडली. बाकीचे डाव आधीच संपले होते. शाळेकडून पाच ओव्हर: १७, १२, १९, ९ आणि १८. सरासरी १५. देवळाकडून चार: ८, ११, ५ आणि १२. सरासरी ९.

“दुपारी असं का व्हावं?” कप्तानाने विचारलं. मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच वाटतो. आकड्यांतला फरक मैदानावरच्या एखाद्या कारणाशी जुळत नसेल, तर नऊ ओव्हरींवर विसंबणं म्हणजे नाणं फेकण्यासारखंच. इथे कारण होतं आणि ते शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी शिकलेलं होतं. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून हवा आत येते. हे खारे वारे दुपारी जोर धरतात. सकाळी ते नसतात, आणि ऊन उतरलं की मंदावतात. या मैदानावर ते पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे पिचला आडवे वाहतात.

आता बॅट्समन कुठे उभा आहे ते डोळ्यांपुढे आणा. बॉलर शाळेकडून येतो तेव्हा बॅट्समन देवळाच्या बाजूला, दक्षिणेकडे तोंड करून असतो. त्याच्या डाव्या हाताला पूर्व. उजव्या हाताने खेळणाऱ्याची लेगची बाजू म्हणजे ही डावी बाजू. गावच्या क्रिकेटमध्ये षटकार मारायचा तर बहुतेकांचा हात आडवा फिरतो आणि चेंडू मिडविकेटवरून जातो. शाळेकडून टाकलेल्या ओव्हरला तो फटका वाऱ्याबरोबर आंब्याच्या बागेकडे जातो. देवळाकडून टाकलेल्या ओव्हरला तोच फटका पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडावर जातो.

टेनिस बॉलला हे जास्तच भोवतं. लॉन टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. लेदरचा क्रिकेट बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. आकारात मात्र दोघांत थोडकाच फरक आहे. हवा चेंडूला अडवते ती त्याच्या आकारमानाप्रमाणे आणि तो त्या अडवण्याला दाद देतो ती त्याच्या वजनाप्रमाणे. म्हणून तेवढाच वारा टेनिस बॉलला कितीतरी जास्त ढकलतो किंवा रोखून धरतो. स्पर्धांत वापरतात ते जड टेनिस बॉल थोडे अधिक टिकाव धरतात, तरी लेदर बॉलची बरोबरी नाही.

कप्तान पटकन मानणारा नव्हता. तो म्हणाला, शाळेकडून टाकणारे बॉलरच कच्चे असतील. काकांनी नावं दाखवली. पाचांपैकी तीन जण आपापल्या संघाचे सर्वांत भरवशाचे बॉलर होते. मग तो म्हणाला, एखादी १९ची ओव्हर सरासरी फुगवते. हाही आक्षेप योग्य. काकांनी ती १९ची ओव्हर बोटाने झाकली: उरलेल्या चार ओव्हरींची सरासरी १४. देवळाकडची ५ची ओव्हर झाकली: उरलेल्या तिनांची साधारण १०. दोन्हीकडची टोकाची ओव्हर वगळूनही चार धावांचं अंतर राहिलं. थोड्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा की नाही, हे पाहायची यापेक्षा सोपी पारख मला माहीत नाही. एक आकडा काढल्याबरोबर निष्कर्ष उलटला, तर तो निष्कर्ष त्या एका आकड्याचाच होता.

खरी अडचण कप्तानाने यानंतर काढली. “काका, त्यांचा लेफ्टी आहे ना! त्याचं सगळं उलटं होणार.”

बरोबर होतं. डावखुऱ्याची लेगची बाजू म्हणजे त्याच्या उजव्या हाताची बाजू. देवळाकडून ओव्हर पडली की डावखुऱ्याला पूर्वेकडे, वाऱ्याबरोबर मारता येतं. समोरच्या संघात त्या एकाचा धसका होता. शेवटच्या ओव्हरला तोच स्ट्राइकवर असेल, तर देवळाचं टोक त्याच्या हातात आयतं दिल्यासारखं झालं असतं. काकांनी त्यांचे तिन्ही सामने काढले. डावखुरा ओपनिंगला येतो. पहिल्यांदा तिसऱ्या ओव्हरला आउट, मग पाचव्या, मग पुन्हा तिसऱ्या. तो शेवटपर्यंत टिकलाच नव्हता. सातवी-आठवी ओव्हर उजव्या हाताचेच खेळले होते. शिवाय पहिली ओव्हर शाळेकडून सुरू केली, तर तो ताजातवाना असताना त्याचा आडवा फटका वाऱ्याच्या तोंडावर जाणार होता. तो टिकला तर काय करायचं, यावर वहीत उत्तर नव्हतं. काकांनी ते तसंच सांगितलं.

उरला प्रश्न सातव्या ओव्हरचा. आठवी देवळाकडून हवी, तर सातवी शाळेकडून टाकावी लागणार. वाईट टोक टळत नाही, ते एक ओव्हर अलीकडे येतं. मग फायदा काय? दुपारच्या सातव्या ओव्हरींची सरासरी काकांनी काढली होती: शाळेकडून ११, देवळाकडून ९. सातव्याला बॅट्समन थोडं राखून खेळतात, म्हणून फरक कमी. जुन्या बेताने सातवी देवळाकडून आणि आठवी शाळेकडून म्हणजे ९ अधिक १५, एकूण २४. नव्या बेताने ११ अधिक ९, एकूण २०. बाकीच्या सहा ओव्हरी दोन्ही बेतांत तीन-तीन अशाच पडतात. म्हणजे सगळा झगडा चार धावांचा. आठ ओव्हरच्या सामन्यात चार धावा म्हणजे एक फटका, आणि एकेका फटक्याने इथले सामने फिरतात.

कप्तान काही वेळ मैदानाकडे बघत राहिला. सुरूची शेंडी हलायला लागली होती. मग त्याने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली ओव्हर शाळेकडून. आणि सातवी जो टाकेल त्याने उजव्या हाताच्या बॅट्समनला ऑफस्टंपच्या बाहेर, वाइडच्या रेषेच्या आत टाकायचं. त्या टोकाला ऑफची बाजू पश्चिमेला येते; तिकडे मारलं तर चेंडूला वाऱ्याशी झुंजावं लागेल. ओढून लेगला मारलाच, तर पूर्वेच्या सीमारेषेवर दोन माणसं आधीच उभी. रनअपची मऊ जमीन राहिलीच होती. पोरांनी शाळेच्या टोकाला पाणी मारून रोलर फिरवला.

यजमान टॉस हरले आणि समोरच्यांनी बॅटिंग घेतली. पावणेचारला सामना सुरू झाला. डावखुरा चौथ्या ओव्हरला गेला. सहा ओव्हरला ४७. सातवीला १३ गेल्या. ऑफच्या बाहेरचा बेत दोनदा फसला आणि दोन्ही चेंडू पूर्वेला चौकार गेले. आठवी देवळाकडून, यॉर्करवाल्याची. तिसरा चेंडू पायाशी पडायच्या ऐवजी फुलटॉस झाला आणि बॅट्समनने तो अंगातला सगळा जोर लावून मिडविकेटवरून पश्चिमेला उचलला. मांडवातले लोक सिक्स समजून उठले. चेंडू वर गेला, तिथे जणू थबकला आणि सीमारेषेच्या दोन पावलं आत उभ्या असलेल्या पोराच्या हातात उतरला. काकांनी लिहिलं: झेल, प. ओव्हरमध्ये ८ धावा. डाव ६८.

बक्षिसं देणारे पाहुणे आले, नारळ-शाल झाली, भाषणं झाली. दुसरा डाव सुरू व्हायला पाच वाजत आले. समोरच्या कप्तानाने सवयीप्रमाणे देवळाकडून सुरुवात केली. सात ओव्हरला ६०, शेवटच्या ओव्हरला ९ हव्यात आणि ती शाळेकडून. सगळ्या गावाची नजर आंब्याच्या बागेकडे. पण तोवर पावणेसहा झाले होते आणि सुरूच्या बनात पान हलत नव्हतं. पहिल्या चेंडूवर एक, मग दोन, मग काहीच नाही, मग पॉइंटजवळून चार, मग एक. शेवटच्या चेंडूवर बॅट लागलीच नाही. कीपरच्या हातून चेंडू निसटला आणि दोघं जिवाच्या आकांताने पळाले. अंपायरने तळहात उघडा करून डोक्यावर नेला: बाय. सामना जिंकला.

रात्री कप्तान वही बघायला आला. त्याला पानावर आपल्या बेताचं यश दिसायला हवं होतं. काकांनी दोन ओळी दाखवल्या. पहिल्या डावाची आठवी, देवळाकडून: ८. दुसऱ्या डावाची आठवी, शाळेकडून: तीही ८, कारण नववी धाव बायची, ती बॉलरच्या नावावर नाही. दोन्ही टोकं सारखीच. “मग काका, टोकाचा फायदा झाला की नाही?” काका म्हणाले, पश्चिमेचा तो झेल वाऱ्याने दिला असं मला वाटतं, पण एका झेलावरून मी सरासरी लिहीत नाही. देवळाकडच्या दुपारच्या आता पाच ओव्हर झाल्या, सरासरी ९च्या किंचित खाली. शाळेकडची आजची ओव्हर दुपारच्यांत धरायची की सकाळच्यांसारखी बिनवाऱ्याची, ते त्यांना ठरवता येईना. घड्याळाने ती दुपारची होती, वाऱ्याने नव्हती. तिच्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

वहीची उणीव तिथेच उघडी पडली होती. काकांनी वारा कधी मोजलाच नव्हता. वेळेवरून तो असणार असं धरलं होतं. त्यांनी पुढच्या वर्षीची कोरी वही काढली आणि रेघा मारायला घेतल्या. वेळ आणि टोक यांच्यामध्ये आणखी दोन अरुंद रकाने आले. एकात बॅट्समन डावा की उजवा ते. दुसऱ्यात प्रत्येक ओव्हर सुरू होताना मांडवाच्या खांबावरच्या झेंड्याकडे बघून एकच आकडा: झेंडा लोंबत असेल तर ०, हलत असेल तर १, ताठ असेल तर २. कप्तान म्हणाला, झेंडा मांडवापेक्षा उंच लावायला हवा, नाहीतर कनातीआड वारा कळायचा नाही. काकांनी तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.